वसूल झालेले, पण खात्यात न आलेले पैसे

कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल ग्राहकाच्या हाती पडले की विक्रेत्याला मोबाईलवर ‘डिलिव्हर्ड’ असे दिसते. पैसे मात्र त्या वेळी डिलिव्हरी बॉयच्या पिशवीत असतात. संध्याकाळी तो हबवर भरणा करतो, तिथे दिवसभराच्या पार्सलांशी रोकड जुळवली जाते, मग ती बँकेतून कुरिअर कंपनीच्या मुख्य खात्यात जाते. लहान विक्रेते बहुधा थेट कुरिअरशी करार न करता ॲग्रिगेटरमार्फत माल पाठवतात. तसे असेल तर रक्कम आधी त्याच्याकडे येते आणि करारात ठरलेल्या मुदतीनंतर, ठरलेल्या वारी विक्रेत्याला मिळते. ही मुदत साधारण आठवड्याभराची असते आणि ती माल पाठवल्यापासून नव्हे, तर पोचवल्यापासून मोजतात. पोस्टाच्या व्ही.पी.चे पैसेही मागाहूनच येत, पण तिथे प्रत्येक पार्सलची मनीऑर्डर वेगळी असे. इथे अनेक पार्सलांचे पैसे एकाच आकड्यात जमा होतात आणि शोधाची खरी कटकट तिथूनच सुरू होते.

समजा, सोलापूरच्या एका चादर विक्रेत्याची प्रत्येकी १,२०० रुपयांची दहा पार्सले एका आठवड्यात पोचली. अपेक्षा १२,००० रुपयांची, खात्यात आले ८,९२०. म्हणजे ३,०८० रुपये कमी. अशा वेळी ‘माझे पैसे आले नाहीत’ असा फोन केल्याने काही होत नाही, कारण पलीकडच्या माणसालाही तो आकडा फोडून पाहावा लागतो. बँकेच्या नोंदीत जमा रकमेपुढे यूटीआर नंबर असतो. ॲग्रिगेटरच्या पॅनेलवर त्याच यूटीआरचा रेमिटन्स अहवाल उतरवून घ्यायचा. त्यात कोणकोणत्या पार्सलांचे पैसे धरले आणि काय वजा केले, ते लिहिलेले असते. पार्सलावर छापलेला एडब्ल्यूबी नंबर हीच इथली खूण. ग्राहकाच्या नावावरून शोधू नये, एकाच नावाची दोन माणसे सहज निघतात.

या विक्रेत्याच्या अहवालात आठच पार्सले सापडली. गळालेल्या दोनपैकी एक आठवड्याचा हिशोब बंद झाल्यानंतर पोचले होते. त्याचे १,२०० रुपये पुढच्या हप्त्यात येणार होते. ६८० रुपये कापून घेतले होते, कारण पॅनेलवरचे वॉलेट उणे झाले होते. परत आलेल्या मालाचे भाडे आणि वजनाचा फरक त्यात वळता केला होता. हा वजनाचा फरक दर वेळी खरा असतोच असे नाही. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागतात. येणारे वजन काट्यावरच्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडे त्यावर लागते. चादरीसारखा फुगीर माल यात हमखास सापडतो. पॅक केलेल्या पार्सलाचा मोजपट्टीसह फोटो जवळ असेल, तर मुदतीत हरकत घेता येते.

उरले एक पार्सल आणि त्याचे १,२०० रुपये. ते मुदतीत पोचले होते, तरी कोणत्याच अहवालात नव्हते. खरी अडकलेली रक्कम हीच. आता ग्राहकाला विचारावे लागते, पण मागणीच्या सुरात नव्हे: पैसे कधी दिले, रोख की यूपीआयने? यूपीआयने दिले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉट मागावा आणि पैसे घेणाऱ्याचे नाव पाहावे. कंपनीचे नाव असेल, तर रक्कम तिच्याकडे पोचली आहे, नोंद चुकली आहे. एखाद्या व्यक्तीचे नाव असेल, तर डिलिव्हरी बॉयने स्वतःचा क्यूआर कोड दाखवला असण्याची शक्यता मोठी. रोख दिले असतील, तर पोचपावतीची नोंद आणि हबवरचा त्या दिवसाचा भरणा तपासायला सांगायचे. आणखी एक शक्यता राहते: पार्सल नोंदवतानाच ते चुकून ‘प्रीपेड’ झाले असेल, तर लेबलवर वसुलीची रक्कम छापलीच जात नाही आणि पैसे कुणी घेतलेलेच नसतात. म्हणून लेबलची प्रत आधी पाहावी.

तक्रार ईमेलने किंवा पॅनेलवर लेखी करावी. एडब्ल्यूबी नंबर, पोचल्याची तारीख, रक्कम, ज्या अहवालात ती यायला हवी होती त्याचा यूटीआर आणि ग्राहकाचा पुरावा एवढे दिले की टोलवाटोलवीला फारशी जागा उरत नाही. ‘कुरिअरकडून आम्हालाच आलेले नाहीत’ हे ॲग्रिगेटरचे ठरलेले उत्तर असते. ते स्वीकारण्याआधी करार वाचावा, कारण विक्रेत्याचा करार बहुधा ॲग्रिगेटरशीच असतो.

कायद्याच्या दृष्टीने हे पैसे वसूल करणाऱ्याचे नव्हेत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१७ नुसार एजंटला आपले येणे त्यातून कापता येते, पण कलम २१८ नुसार उरलेली रक्कम मालकाला द्यावीच लागते. त्यामुळे भाड्याची वजावट मान्य करून बाकी रकमेची नोटीस पाठवता येते. दावा कुठे चालेल, लवाद आहे का, हे करारातच असते. बऱ्याचदा ते शहर विक्रेत्यापासून लांबचे निघते आणि हजार-बाराशे रुपयांसाठी तो खर्च परवडत नाही. म्हणून दर हप्त्याला अहवाल जुळवून फरक मुदतीतच लेखी कळवावा, आणि ज्याने एकदा पैसे दिले त्या ग्राहकाकडे ते पुन्हा मागू नयेत.