‘सगळं बनवता येतं’ म्हणजे नेमकं काय?

माझा भाचा मुंबईच्या एका हॉटेलात तंदूरवर चार वर्षं काम करतो आहे. दुबईत नोकरीसाठी अर्ज करायचा म्हणून त्याने आपला प्रोफाईल मला पाठवला. मी स्वतः आयुष्यभर हॉटेलच्या किचनमध्ये राहिलो, म्हणून आमच्याकडची मुलं असले कागद माझ्याकडे आणतात. वर लिहिलं होतं : ‘फाईव्ह स्टारच्या तोडीचं हॉटेल, रोज 600 कव्हर्स, 25 जणांची टीम, रेटिंग 4.3, सर्व प्रकारचं जेवण बनवता येतं.’

मी फोन केला. म्हटलं, “बेटा, रेस्टॉरंटमध्ये खुर्च्या किती?”

“साठ, मामू.”

साठ खुर्च्यांवर 600 माणसं जेवायची, तर प्रत्येक खुर्ची दिवसातून दहा वेळा भरायला हवी. ऑर्डर घेऊन, कबाब भाजून, निवांत जेवणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये हे होत नाही. मुलाखत घेणारा शेफ हाच हिशेब मनातल्या मनात करतो आणि कागद बाजूला ठेवतो. पोरगा खोटं बोलत नव्हता, त्याने चुकीची वस्तू मोजली होती. कव्हर म्हणजे एका वेळी जेवलेला एक पाहुणा. त्याने मोजल्या होत्या केओटीवरच्या, म्हणजे किचनमध्ये येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवरच्या डिश. एक माणूस कबाब, ग्रेव्ही, रोटी मागवतो, तर डिश तीन आणि कव्हर एकच.

मग आम्ही नीट मोजलं. सोमवार ते गुरुवार दुपारी 45 आणि रात्री 80, म्हणजे 125. शुक्रवार ते रविवार 70 आणि 140, म्हणजे 210. आठवड्याचे 1130, रोजची सरासरी साधारण 160. कागदावर लिहिलं : ‘60 आसनं, रोज सरासरी 160 कव्हर्स, शनिवार-रविवारी 210.’ आकडा लहान झाला, पण जाणकार माणसाला तो वाचूनच कळतं, की शनिवारी रात्री हा मुलगा साठ आसनं दोनदा भरून पुन्हा वीस पाहुणे सांभाळतो. वलीम्याच्या 200 माणसांचं जेवण यात मिसळायचं नाही. तिथे मेनू ठरलेला असतो, तयारी आदल्या दिवशी होते. ते बँक्वेट म्हणून वेगळं लिहायचं.

‘फाईव्ह स्टारच्या तोडीचं’ मी खोडलं. आपल्याकडे हॉटेलांना तारे केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या वर्गीकरणातून मिळतात, आणि या हॉटेलने ते घेतलेच नव्हते. त्याऐवजी लिहिलं : ‘बिझनेस हॉटेल, 72 खोल्या, एक रेस्टॉरंट, एक बँक्वेट हॉल.’ याचा उपयोग आहे. बिझनेस हॉटेलचा पाहुणा सकाळी नाश्ता करून कामाला जातो, रिसॉर्टचा पाहुणा बहुधा तिन्ही वेळा तिथेच जेवतो. हॉटेल कुठल्या प्रकारचं, यावरून वाचणाऱ्याला कामाची वेळ आणि घाई समजते.

टीमचा घोळ सगळ्यात मोठा होता. 25 हा आकडा वेटर आणि भांडी धुणारे धरून होता. किचनमध्ये 14 जण, आणि त्याच्या हाताखाली तिघे : दोन कॉमी आणि एक हेल्पर. त्यांची ड्युटी तो लावतो, मॅरिनेशन तो तपासतो, आणि स्वतः सू-शेफला जाब देतो. हेच लिहायचं, कारण यावरून हुद्दा ठरतो. कॉमीच्या वर डेमी शेफ, त्याच्या वर एका सेक्शनचा प्रमुख शेफ द पार्टी. 25 जणांची टीम सांभाळणारा माणूस डेमीच्या जागेसाठी अर्ज का करतो, हा प्रश्न आलाच असता.

रेटिंगबद्दल माझं मत थोडं कडक आहे. 4.3 कुठले? गुगलवर 5 पैकी देतात, बुकिंग डॉट कॉमवर 10 पैकी. तिथे 4.3 म्हणजे नामुष्की! आणि ते हॉटेलचं रेटिंग आहे, तंदूरवाल्याचं नव्हे. त्यात खोली, पार्किंग, वेटरचं बोलणं सगळं येतं. रेस्टॉरंट मॅनेजरने तो आकडा जरूर लिहावा, कुठला, किती अभिप्रायांवरचा आणि कुठल्या महिन्यापर्यंतचा ते सांगून. भाच्याकडे याहून चांगली गोष्ट होती. ‘कबाब उशिरा येतात’ ही तक्रार पाहुणे वारंवार लिहीत. त्याने संध्याकाळी सहालाच सळया भरून फ्रीजमध्ये ठेवायला सुरुवात केली, आणि केओटीवरच्या वेळेप्रमाणे 30 मिनिटांचे 20 वर आले. ती ओळ आम्ही लिहिली.

‘सर्व प्रकारचं जेवण’ जाऊन ‘तंदूर आणि उत्तर हिंदुस्थानी’ आलं. डुकराचं मांस हाताळावं लागेल का, हे त्याला विचारायचं होतं. मी सांगितलं, कागदावर नको, मुलाखतीत सेक्शन कुठला ते विचार आणि तिथेच स्पष्ट बोल.

व्हिडिओवरच्या मुलाखतीत तिकडच्या शेफने पहिलाच प्रश्न केला, “160 कव्हर्स, तर शनिवारी चिकन टिक्क्यासाठी किती किलो मुरवतोस?” पोराने अडखळता उत्तर दिलं, कारण तो आकडा रोज त्याच्या हाताखालून जात होता. ट्रायलला बोलावणं आलं. जागा डेमीची आहे, शेफ द पार्टीची नाही. तो जरा हिरमुसला आहे, पण जातो आहे.