परीक्षक मधेच प्रसंग बदलतात तेव्हा

मानवतावादी कायद्याच्या तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्यात फारसा वेळ जात नाही. परीक्षक एक प्रसंग मांडतात, विद्यार्थ्याला लष्करी कायदा सल्लागाराच्या खुर्चीत बसवतात आणि विचारतात, ‘तोफ डागायची की नाही?’

समजा, प्रसंग सारायेवोचा आहे. 1 जून 1993 रोजी वेढ्यात अडकलेल्या या शहराच्या डोब्रिन्या वस्तीत, पार्किंगच्या जागेत फुटबॉलचे सामने चालले होते. सुमारे दोनशे माणसं बघायला जमली होती, त्यांत पुष्कळ मुलं. त्या गर्दीत उखळी तोफेचे दोन गोळे पडले. दहाहून अधिक माणसं ठार झाली, शंभरेक जखमी.

‘नागरिकांवर हल्ला, म्हणजे गुन्हा,’ असं विद्यार्थी झटकन सांगतो. मग परीक्षक खडा टाकतात: गर्दीत सैनिकही होते, आता?

इथे बरेच जण अडखळतात. सैनिक सुट्टीवर असला, खेळ बघत असला तरी तो सैनिकच राहतो आणि कायद्याने त्याच्यावर हल्ला करता येतो. त्यामुळे सैनिक आणि नागरिक यांत भेद करण्याच्या तत्त्वावर उत्तर संपत नाही, तिथून प्रमाणाचा प्रश्न सुरू होतो: त्या सैनिकांना मारून मिळणाऱ्या ठोस लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची अपेक्षित हानी अवाजवी आहे का? गालिच खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2003 मध्ये म्हटलं की सैनिक हेच लक्ष्य होतं असं धरलं, तरी दोनशेंच्या गर्दीवर दोन गोळे टाकणं उघडच अवाजवी ठरलं असतं. मृतांचा आकडा उत्तराला पुरत नाही. गोळा सोडताना सेनाधिकाऱ्याच्या हाती कोणती माहिती होती आणि त्यावरून शहाण्या माणसाला काय दिसलं असतं, ही कसोटी. उत्तरात हे वाक्य नसेल तर परीक्षक पुन्हा तिथेच आणतात.

दुसरा प्रसंग आपल्या ओळखीचा. 27 फेब्रुवारी 2019 रोजी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात सापडले. ‘युद्ध पुकारलंच नव्हतं, मग ते युद्धकैदी कसे?’ हा सापळा आहे. दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाला की जिनिव्हा करार लागू होतात, घोषणा असो वा नसो. तिसऱ्या कराराच्या कलम 17 नुसार कैद्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिकी क्रमांक सांगितला की पुरे. विमान कोणतं, हे सांगायला अभिनंदन यांनी नकार दिला, तो या कलमात चपखल बसतो. डोळे बांधलेल्या, रक्ताळलेल्या अवस्थेतला त्यांचा व्हिडिओ जगाला दाखवणं मात्र कलम 13 च्या विरोधात जातं, कारण कैद्याला लोकांच्या कुतूहलाची वस्तू करण्यास तिथे मनाई आहे.

शेवटचा फेरफार: कैदी परक्या देशाचा सैनिक नसून देशांतर्गत लढाईतला बंडखोर असेल तर? त्याला युद्धकैद्याचा दर्जा मिळत नाही, शस्त्र उचलल्याबद्दल देशाच्या कायद्याने खटलाही चालवता येतो. पण चारही करारांत असलेलं कलम 3 त्यालाही लागू आहे. छळ नाही, अपमान नाही, आणि रीतसर न्यायालयाविना शिक्षाही नाही.