चार दिवसांची फट

समजा, मोटारीचा विमा १४ जूनच्या मध्यरात्री संपला आणि ब्रोकरने नूतनीकरण १८ तारखेला दुपारी केले. मधले साडेतीन-चार दिवस गाडी विम्याविना धावली. मग ब्रोकरचे पत्र येते: ‘काही तांत्रिक कारणाने विलंब झाला, क्षमस्व.’ असे पत्र कुचकामी आहे.

चांगल्या पत्रात आधी फटीची नेमकी तारीख आणि वेळ हवी. नवे संरक्षण मागच्या तारखेपासून मिळणार नाही, हेही स्पष्ट हवे. १९३८च्या विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता पोचण्याआधी कंपनी जोखीम घेऊ शकत नाही. मागची तारीख घालून देतो म्हणणाऱ्या ब्रोकरपासून दूरच राहावे. त्यानंतर महत्त्वाचा प्रश्न: या काळात अपघात झाला का? झाला असेल तर कागदपत्रे लगेच मागवावीत. नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण झाल्याने नो क्लेम बोनस टिकला, हा दिलासाही लिहावा.

भरपाईबाबत मात्र ब्रोकर हात राखून लिहितो. त्याचा स्वतःचा व्यावसायिक दायित्व विमा असतो. त्या कंपनीला न कळवता पैसे कबूल केले, तर तिथला दावा अडचणीत येऊ शकतो. म्हणून ‘तारीख आमच्याकडून चुकली, आमच्या विमा कंपनीला कळवले आहे’ एवढे लिहिणे प्रामाणिक ठरते.

पत्रात हे नसेल तर लेखी मागा. उत्तर आले नाही, तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते.