अहवालावर वेळ कोणती आहे?

मार्चअखेरच्या हिशेबांत बुडालेल्या, आमच्या परिचयातील एका कापड-व्यापाऱ्यांनी थकवा व निद्रानाशामुळे स्वतःहूनच कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करून घेतली. दुकानातून वेळ काढून त्यांनी सायंकाळी पाच वाजता रक्त दिले. आकडा आला ५ मायक्रोग्रॅम. शेजारी छापलेली मर्यादा होती ६ ते १९. ग्रंथी निकामी होत आहे अशा समजुतीने घरातील सारे काळजीत पडले. कुणा हितचिंतकाने तर स्टेरॉइडच्या गोळ्याही सुचविल्या.

डॉक्टरांनी प्रथम रक्त घेतल्याची वेळ पाहिली. छापलेली मर्यादा सकाळची होती. सायंकाळी पाचला हा आकडा स्वाभाविकच म्हणावा लागेल.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात. त्यांना आज्ञा मिळते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीकडून आणि पीयूष ग्रंथीला तिच्या वरच्या हायपोथॅलॅमसकडून. तेथेच शरीराचे घड्याळही आहे. पहाटे स्राव वाढू लागतो, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तो आणखी उसळतो, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळ गाठतो. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसे झाले की मेंदू आज्ञा थांबवितो. बाहेरून घेतलेले स्टेरॉइडही मेंदूला असेच फसवते. ते दीर्घकाळ घेतल्यास ग्रंथी खरोखरच सुस्तावते, आणि मग गोळ्या एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते. हितचिंतकाचा सल्ला किती घातक होता, हे यावरून ध्यानी यावे.

पुन्हा सकाळी आठला रक्त घेतले, तेव्हा आकडा १३ आला. ग्रंथी ठणठणीत होती. मग थकवा कशाचा?

सकाळचा एक आकडा तणाव मोजीत नाही, हे येथे लक्षात घ्यावे. क्षणिक संकटात कॉर्टिसॉल यकृतातून साखर मोकळी करते व ती स्नायूंच्या कामी येते. संकट टळले की स्राव ओसरतो. उधारी, जीएसटी, भागीदारांतील कलह अशी चिंता मात्र महिनोन्‌महिने टळत नाही. मग कित्येकांत सायंकाळचा उतार मंदावतो, रात्री कॉर्टिसॉल हवे तितके खाली येत नाही. काहींत उलट सकाळची उसळीच बोथट होते. रात्री झोप उडते, आणि न वापरलेली साखर रक्तात रेंगाळते. ‘ग्रंथी थकली’ हे निदान जाहिरातींत पुष्कळ आढळते, वैद्यकशास्त्राला ते मान्य नाही.

जांभळे व्रण, सहज काळेनिळे पडणे, बैठकीवरून उठताना मांड्यांत बळ नसणे अशी लक्षणे असती, तर डॉक्टरांनी मध्यरात्रीच्या लाळेची तपासणी सांगितली असती. कारण कॉर्टिसॉलचा अतिरेक करणारा आजार त्या वेळी पकडता येतो. येथे तसे काही नव्हते. उपाशीपोटी साखर मात्र ११२ निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रात्री बारापर्यंत खातेवह्या तपासण्याचा परिपाठ डॉक्टरांनी बंद करविला. ते काम सकाळी सातला हलविले. मुलाकडे वसुली सोपविण्यास व्यापारी मात्र बरेच दिवस तयार नव्हते.

तीन महिन्यांनी साखर ९८ वर आली. वजन होते तेवढेच राहिले.