विक्री वाढली, मग परतावा का घटला?

उदाहरणादाखल कापडाची एक घाऊक पेढी घ्यावी. तीन वर्षांपूर्वी तिची विक्री २ कोटी रुपये, निव्वळ नफा ८ लाख, एकूण मालमत्ता ८० लाख आणि मालकाचे स्वतःचे भांडवल ४० लाख होते. म्हणजे स्वभांडवलावर २० टक्के परतावा मिळत होता. आज विक्री २ कोटी ४० लाखांवर गेली आहे. परंतु नफा ७.२० लाख आणि भांडवल ४८ लाख असल्याने परतावा १५ टक्क्यांवर आला आहे. मालक म्हणतात, “बाजारात स्पर्धा वाढली, नफा सुटत नाही.”

हे निदान तपासण्याची रीत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत डोनाल्डसन ब्राउन यांनी घालून दिली. त्यांनी परताव्याचे दोन घटक पाडले. कर्जाचा तिसरा घटक पुढे जोडला गेला. विक्रीमागे नफा किती, मालमत्तेच्या किती पट विक्री आणि स्वभांडवलाच्या किती पट मालमत्ता, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे परतावा.

पूर्वी या पेढीत ४ टक्के नफा, अडीच पट उलाढाल आणि दुप्पट मालमत्ता होती, गुणाकार २०. आज मालमत्ता १ कोटी २० लाख आहे. त्यामुळे नफा ३ टक्के, उलाढाल दुप्पट, मालमत्ता भांडवलाच्या अडीच पट, गुणाकार १५.

नफ्याचे प्रमाण घटले, हे खरे. पण ते कशाने घटले? अडीच पट उलाढाल टिकली असती, तर या विक्रीला ९६ लाखांची मालमत्ता पुरली असती. उरलेले २४ लाख गोदामातील न खपलेल्या मालात आणि लांबलेल्या उधारीत अडकले आहेत. नेमकी तेवढीच रक्कम बँकेच्या कॅश क्रेडिटमधून उचलली गेली. दहा टक्के दराने तिचे व्याज २.४० लाख होते. प्राप्तिकराचा विचार बाजूला ठेवून हे व्याज नफ्यात परत मिळवले, तर ९.६० लाख, म्हणजे विक्रीच्या ४ टक्केच येतात. मालावरील नफा घटलेलाच नाही; तो व्याजात गेला आहे.

म्हणून तिन्ही घटक सुटे समजू नयेत. येथे मंदावलेल्या उलाढालीने कर्ज वाढवले आणि कर्जाच्या व्याजाने नफा खाल्ला. शिवाय वाढलेल्या कर्जामुळे तिसरा घटक फुगतो आणि घसरण प्रत्यक्षाहून सौम्य भासते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ३१ मार्चला माल कमी असेल, तर त्या दिवसाच्या ताळेबंदावरून उलाढाल फसवी चांगली दिसते. म्हणून वर्षभरातील मासिक शिलकांची सरासरी घ्यावी.

या मालकाने भाव वाढवले असते, तर गिऱ्हाईक तुटले असते आणि उलाढाल आणखी मंदावली असती. उपाय दुकानाच्या दर्शनी भागात नव्हे, गोदामात आणि उधारीच्या खातेवहीत आहे.