सूर्यास्तावरून सापडलेलं विमान

22 डिसेंबर 1978. पॅसिफिक महासागरावर वैमानिक जे प्रॉक्नाऊ एकटेच छोटं सेस्ना विमान नॉरफोक बेटाकडे नेत होते. बेटाची दिशा दाखवणारं यंत्र बिघडलं आणि ते वाट चुकले.

ऑकलंडच्या हवाई वाहतूक नियंत्रकांनी रेडिओवर त्यांची हाक ऐकली. भर समुद्रात रडार पोहोचत नाही, म्हणून त्यांनी फिजीहून येणाऱ्या प्रवासी विमानाचे कॅप्टन गॉर्डन वेट यांची मदत मागितली.

वेट यांनी एक युक्ती केली. प्रॉक्नाऊंना सूर्य मावळलेला दिसला ती वेळ आणि नॉरफोकवरच्या सूर्यास्ताची वेळ त्यांनी ताडून पाहिली. सेस्नाजवळ सूर्य साधारण साडेबावीस मिनिटं आधी मावळला होता. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणजे सेस्ना बेटाच्या पूर्वेला सुमारे साडेपाच अंशांवर होतं. त्या अक्षांशावर हे अंतर पाचशे किलोमीटरच्या वर भरतं!

अंधार पडला, इंधन घटत चाललं. तेवढ्यात प्रॉक्नाऊंना खाली दिवे दिसले. जहाजाने ओढत नेला जाणारा तो तेलविहिरीचा तराफा होता. त्याचं ठिकाण कळताच नॉरफोकची नेमकी दिशा मिळाली. सुमारे 23 तासांच्या उड्डाणानंतर सेस्ना रात्री बेटावर सुखरूप उतरलं.