तीन लाखांच्या बॉन्डमधले खरे किती?

"बॉन्ड? अरे, कोर्टात टिकत नाही तो. खुशाल राजीनामा दे." नोकरी बदलणाऱ्या प्रत्येक पोराला हे सांगणारा एक मामा घरात असतोच. मी वीस वर्षं एचआरमध्ये काढली. मामाचं ऐकून एका सोमवारपासून कामावर यायचंच बंद केलेली मुलं पुढे कंपनीची नोटीस हातात घेऊन माझ्यासमोर बसायची.

मामाने कुठेतरी करार कायद्याचं कलम 27 वाचलेलं असतं. धंदा-व्यवसाय करायला मज्जाव करणारा करार त्या कलमाने रद्दबातल ठरतो. पण बॉन्ड तुम्हाला दुसरीकडे जायला मज्जाव करत नाही. मुदतीआधी गेलात तर पैसे द्या, एवढंच तो म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने 14 मे 2025 रोजी विजया बँकेच्या खटल्यात अशी अट वैध ठरवली आणि तीन वर्षं भरायच्या आत गेलेल्या अधिकाऱ्याचे दोन लाख बँकेकडेच राहिले.

या निकालानंतर मामा पलटले. आता म्हणतात, "लिहिलाय तेवढा आकडा भरावाच लागणार." हेही चूक, आणि सध्या जास्त महाग पडणारी चूक हीच.

त्याच कायद्याचं कलम 74 सांगतं की करारात रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती रास्त भरपाई. लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. विजया बँकेचे दोन लाख पूर्ण मान्य झाले, कारण तो चांगल्या पगाराचा वरिष्ठ अधिकारी होता आणि सरकारी बँकेला एका जागेसाठी जाहिरातीपासून सगळी भरती पुन्हा करावी लागते. याउलट 2011चा दिल्ली उच्च न्यायालयाचा सिक्पा इंडियाचा खटला बघा. बॉन्ड तीन वर्षांचा, रक्कम दोन लाख, प्रशिक्षणावरचा खर्च 67,595 रुपये आणि कर्मचारी सुमारे दोन वर्षांनी गेलेला. कंपनीच्या पदरात पडले 22,532 रुपये, म्हणजे खर्चाचा तिसरा हिस्सा.

वाटाघाट करायची ती याच गणितावर. समजा, पुण्यातल्या एका कंपनीत तुमचा बॉन्ड 24 महिन्यांचा आणि तीन लाखांचा आहे. 15 महिने झाले, 9 उरले. राजीनामा रीतसर ईमेलने द्या, नोटीस पिरियड भरा आणि त्याच आठवड्यात प्रशिक्षणखर्चाचा बिलांसह तपशील मागा. एचआर बहुधा असा कागद पाठवतं: बाहेरच्या संस्थेची कोर्स-फी व परीक्षा 96,000, प्रवास-मुक्काम 24,000, प्रशिक्षणाच्या दोन महिन्यांचा पगार 90,000 आणि "प्रशासकीय व इतर" 90,000. बेरीज बरोबर तीन लाख. (एवढी जुळलेली बेरीज दिसली की ओळखावं, आकडा आधी ठरलाय आणि खर्च मागून बसवलाय.)

पहिल्या दोन ओळींना बिलं असतील तर वाद घालू नका. बाहेरच्या संस्थेचं बिल मात्र नीट बघा. ते वीस जणांच्या बॅचचं असेल, तर तुमच्या नावावर त्याचा विसावा हिस्साच लागतो. पगाराच्या ओळीवर विचारा, त्या दोन महिन्यांत मी लाइनवर काम करत होतो की नाही? "इतर"चं बिल मागितलं की सहसा उत्तरच येत नाही. आता पहिल्या दोन ओळींच्या 1,20,000 ला 24 ने भागून 9 ने गुणा, येतात 45,000. हीच रीत पूर्ण तीन लाखांना लावली तर 1,12,500. सौदा या दोन आकड्यांच्या मध्ये होतो. सुरुवात 45,000 पासून करा, लेखी, "माझे हक्क अबाधित ठेवून" असं लिहून. कंपनीही हिशेब करते. साठ-सत्तर हजारांच्या फरकासाठी दिवाणी दावा लावायचा तर वकिलाची फी आणि तारखा तिलाही परवडत नाहीत. तिच्या हातातला हुकमाचा पत्ता म्हणजे रिलीव्हिंग लेटर. म्हणून पैसे बँकेतून द्या आणि त्याआधी पत्र घ्या: या रकमेत बॉन्डचा हिशेब पूर्ण मिटला, रिलीव्हिंग लेटर अमुक तारखेला, रुजू होताना घेतलेली मूळ प्रमाणपत्रं आणि कोरा चेक परत.

आता फुटकळ समज. बॉन्ड स्टॅम्पपेपरवर नाही म्हणून तो फुकट जात नाही, कारण कमी पडलेली स्टॅम्प ड्युटी दंडासह भरता येते. बॉन्ड मोडला म्हणून पोलीस येत नाहीत, बाब दिवाणी आहे. पण तो कोरा चेक कंपनीने आकडा टाकून भरला आणि वटला नाही, तर कलम 138ची फौजदारी मागे लागू शकते. बॉन्डपोटी पीएफला हात लावता येत नाही. आणि वर 18 टक्के जीएसटी लावलेला दिसला, तर 3 ऑगस्ट 2022चं परिपत्रक क्रमांक 178 एचआरला पाठवा. बॉन्डच्या रकमेवर जीएसटी नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.